पत्र नोकरीचे, तारीख परतीची

युरोपच्या सहलीसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज करताना नोकरदार माणसाला कंपनीचे पत्र जोडावे लागते. बरेच जण ते पगाराचा पुरावा म्हणून मागतात. पण पगार तर सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंटमधूनही कळतो. युरोपीय संघाच्या २००९च्या व्हिसा संहितेत नोकरीचा पुरावा वेगळ्याच यादीत येतो. अर्जदार व्हिसाची मुदत संपण्याआधी परत जाईल का, हे जोखण्यासाठीच्या कागदांची ती यादी आहे. म्हणून या पत्रात सर्वांत मोलाची ओळ असते ती मंजूर रजेची आणि पुन्हा कामावर येण्याच्या तारखेची.

नेमकी तीच ओळ राहून जाते. ‘व्हिसासाठी लेटर हवंय’ एवढेच कळवले की एचआर विभाग नेहमीचा साचा पाठवतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे नोकरीस आहे. त्यात रजेचा उल्लेखच नसतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला इंजिनीअर शनिवारी, २ मे रोजी निघून शनिवारी, १६ मे रोजी परतणार आहे. आधी त्याने रजा मंजूर करून घ्यावी आणि मग मेल करावा:

“नमस्कार मॅडम, मी २ ते १६ मे या काळात स्वखर्चाने फ्रान्सला सहलीला जात आहे. व्हिसासाठी कंपनीच्या लेटरहेडवर, फ्रान्सच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या नावे पत्र हवे आहे. त्यात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मासिक पगार, ४ ते १५ मे ही मंजूर रजा आणि १८ मे रोजी मी कामावर परतणार असल्याचा उल्लेख असावा. सही करणाऱ्यांचे नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा शिक्काही लागेल. अपॉइंटमेंट २७ मार्चला आहे. २० मार्चपर्यंत पत्र मिळाल्यास बरे होईल. पासपोर्टची प्रत आणि रजामंजुरीचा मेल जोडला आहे.”

पत्र हाती आल्यावर ते सॅलरी स्लिपशेजारी ठेवून वाचावे. पत्रात सीटीसी ९,६०,००० रुपये लिहिले असेल, तर महिन्याला ८०,००० होतात. खात्यात मात्र ६२,००० जमा झालेले दिसतात. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, शिवाय पगारातून पीएफ आणि कर कापला जातो. हे दूतावासातल्या अधिकाऱ्याने ओळखावे, अशी अपेक्षा ठेवू नये. स्लिपवरचा एकूण मासिक पगारच पत्रात लिहून घ्यावा. स्लिपवर नुसती आद्याक्षरे असतील, तर पत्रात पूर्ण नाव आणि एम्प्लॉयी नंबर दोन्ही हवेत.

कंत्राटी कर्मचाऱ्याने पत्र कंत्राटदार कंपनीकडून घ्यावे, कारण स्लिप आणि बँकेतली नोंद तिच्याच नावाची असते. काम जिथे चालते त्या कारखान्याचे पत्र सोबत जोडता येते, पण तेवढ्यावर भागत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५पर्यंत. अर्ज करण्यापूर्वी रजेच्या तारखा बदलल्या, तर जुने पत्र न जोडता नवे मागून घ्यावे.