चार सुताचा बोल्ट आणि पान्यावरचा आकडा

जुन्या अवजारांच्या ढिगातून दोन पाने उचलले आणि दोन्हींवर ३/८ असा आकडा कोरलेला दिसला, तर कुणीही ते एकाच मापाचे समजेल. प्रत्यक्षात एकाचं तोंड साडेनऊ मिलिमीटर उघडं असतं आणि दुसऱ्याचं अठरा. आकडा दोन्हींवर बरोबरच कोरलेला असतो. फरक एवढाच की पहिल्या पान्यावरचा आकडा नटाबद्दल बोलतो आणि दुसऱ्यावरचा बोल्टाच्या दांड्याबद्दल. जोडणीच्या कामात गोल झालेले नट, तुटलेले बोल्ट आणि सोललेली बोटं यांतली बरीच या गोंधळातून येतात.

आधी सोपी बाजू पाहू. मेट्रिक पान्यावर १३ लिहिलेलं असेल, तर नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये १३ मिलिमीटर अंतर आहे असा त्याचा अर्थ. या अंतराला या लेखापुरतं डोक्याची रुंदी म्हणू. बोल्टाची जाडी त्या आकड्यात कुठेच नसते. १३ चा पाना ज्या बोल्टाला बसतो तो बहुधा एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा. एम ६ ला १० चा पाना लागतो, एम १६ ला २४ चा, एम २० ला ३० चा. नवा कारागीर हे पाढ्यासारखं पाठ करतो आणि बहुतेक दिवस त्याचं काम निभतं.

पाढा चुकतो तो एम १० आणि एम १२ वर, आणि नेमके हेच बोल्ट रोजच्या वापरातले आहेत. जुन्या जर्मन मानकाप्रमाणे एम १० चं डोकं १७ चं आणि एम १२ चं १९ चं. आंतरराष्ट्रीय मानकाने ती डोकी एकेक मिलिमीटरने लहान केली, १६ आणि १८. आपलं आय. एस. १३६४ हे मानकही आता हीच लहान मापं देतं. हार्डवेअरच्या दुकानात मात्र दोन्ही प्रकारचे बोल्ट मिळतात, कधी एकाच खोक्यातून येतात. त्यात जपानी घराण्याच्या गाड्यांची भर पडते. तिथे एम ८ ला १२ चं, एम १० ला १४ चं आणि एम १२ ला १७ चं डोकं असतं. दुतोंडी पान्यांच्या आपल्याकडच्या संचात १६-१७ आणि १८-१९ अशा जोड्या असतात, म्हणून ही अडचण हाताला फारशी जाणवत नाही. एका तोंडाने बसला नाही तर पाना उलटा करायचा.

पण हाताला जाणवली नाही म्हणून ती संपत नाही. ‘सतरा नंबरला एवढा जोर’ असा हिशेब अनेक मेकॅनिक हातात बाळगून असतात. १७ चं डोकं जपानी गाडीत एम १२ चं असेल, तर ८.८ दर्जाच्या बोल्टाला सुमारे ८० न्यूटन-मीटर जोर चालतो. तेच १७ चं डोकं जुन्या जर्मन मापाच्या एम १० चं असेल, तर ४५ ते ५० च्या आसपास थांबावं लागतं. गाडीवर तयार झालेल्या हाताने तो जोर या बोल्टावर टाकला, की दांडा ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. तुटतो तेव्हा दोष बोल्टाच्या पोलादावर जातो. जोर दांड्याच्या जाडीवरून ठरवायचा असतो, पान्यावरच्या नंबरावरून कधीच नाही.

आता इंचांकडे वळू. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात आजही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. ‘चार सुताचा बोल्ट द्या’ म्हटलं की दुकानदार दांड्याची जाडी समजतो. ही बोली इंग्रजांच्या काळातल्या यंत्रांबरोबर रुळली आणि त्या यंत्रांच्या आट्यांमागे माणूस होता जोसेफ व्हिटवर्थ. १८४१ साली त्याने इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि ५५ अंश कोनाचा, ठरलेल्या संख्येचा आटा सुचवला. या पद्धतीत जाडी ठरली की डोकंही ठरायचं, म्हणून पान्यावर थेट बोल्टाची जाडी कोरण्याची रीत पडली. ३/८ चा व्हिटवर्थ पाना म्हणजे तीन सुताच्या बोल्टाचा पाना. त्याचं तोंड ०.७१० इंचाचं, म्हणजे १८.०३ मिलिमीटरचं.

अमेरिकेने १८६४ पासून ६० अंशांच्या आट्याची वेगळी वाट धरली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांना बसेनात तेव्हा या दुहीची किंमत कळली, आणि १९४८ च्या नोव्हेंबरात ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून एकत्रित इंची आटा स्वीकारला. त्याचे पाने आजच्या इंची संचात मिळतात. त्यांवर आकडा कोरलेला असतो तो डोक्याच्या रुंदीचा. चार सुताच्या बोल्टाला ३/४ चा पाना, तीन सुताच्याला ९/१६ चा. तीन सुतापासून पुढे साधारणपणे जाडीच्या दीडपट डोकं, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे, फक्त ७/१६ आणि ९/१६ चे बोल्ट त्यात बसत नाहीत.

युद्धाने आणखी एक गाठ मारून ठेवली. पोलाद वाचवण्यासाठी १९४१ साली ब्रिटनने व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एक माप खाली आणली. चार सुताचं डोकं आधी ०.९२० इंच होतं ते ०.८२० झालं. म्हणून युद्धापूर्वीच्या यंत्राला जो पाना लागतो तो त्याच मॉडेलच्या नंतरच्या यंत्राला लागत नाही. जुन्या ब्रिटिश पान्यांच्या एकाच तोंडावर दोन आकडे दिसतात त्यांतही हीच एका मापाची पायरी आहे. बारीक आट्याच्या ब्रिटिश बोल्टांची डोकी मुळातच व्हिटवर्थपेक्षा एक माप लहान असत, त्यामुळे ३/८ व्हिटवर्थचं तोंड ७/१६ च्या बारीक आट्याला चालतं.

हे सगळं एकाच ठिकाणी भेटतं ते विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनावर. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं संथ, जड चाकाचं इंजिन आपल्याकडे आलं आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिनं वर्षानुवर्षं बनवली. अशा इंजिनाच्या पंपाला दुरुस्त्या होत जातात आणि प्रत्येक दुरुस्तीत हाताला लागेल तो बोल्ट चढतो. समजा, त्या पंपाच्या फ्लँजवर तीन बोल्ट शेजारी शेजारी आहेत आणि गंजाखाली तिन्ही ‘चार सुताचे’ दिसतात. एक काढून त्याजागी नवा घालायचा आहे.

पहिलं काम रंग आणि गंज खरवडून डोकं उघडं करण्याचं. मग व्हर्नियरने डोक्याच्या तिन्ही जोड्या मोजायच्या आणि सर्वांत मोठं वाचन धरायचं, कारण झिजलेली बाजू नेहमी कमीच दाखवते. समजा पहिल्याचं माप २०.७ आलं. मेट्रिक बोल्टात २१ चं डोकं एम १४ ला असतं, पण दांडा १२.६ भरतो. म्हणजे हा व्हिटवर्थ, युद्धानंतरच्या लहान डोक्याचा. त्याला लागणारा पाना ७/१६ व्हिटवर्थ असं लिहिलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोल्टाची डोकी १८.९ भरतात. दोघांनाही १९ चा पाना छान बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. इथे पाना काहीच सांगू शकत नाही. दांडा मोजला तर दुसरा १२.६ आणि तिसरा ११.८. म्हणजे दुसरा इंची आणि तिसरा एम १२.

खात्री आट्याने करायची. आट्याचं गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजली तरी पुरते. एम १२ चे दहा आटे साडेसतरा मिलिमीटरमध्ये बसतात. अमेरिकी घराण्याच्या जाड आट्याच्या अर्ध्या इंचात एका इंचात १३ आटे, म्हणून दहांना साडेएकोणीस. व्हिटवर्थचे इंचात १२, म्हणून एकवीसच्या थोडं वर. हा शेवटचा फरक फसवा आहे. व्हिटवर्थ बोल्टावर अमेरिकी नट दोन-तीन आटे सहज चढतो आणि मग घट्ट होतो. माणसाला वाटतं गंज आहे. तेल टाकून, लांब दांडा लावून तो फिरवला की दोन्हींचे आटे सोलले जातात. हाताने सुरू झालेला नट तिसऱ्या आट्याला अडला, तर पाना खाली ठेवावा आणि आटे मोजावेत.

याहून फसवी जोडी अडीच सुताची. अडीच सुताच्या अमेरिकी बोल्टाचं डोकं १२.७ मिलिमीटर, एम ८ चं १३. १३ चा पाना दोन्हींना लागतो, दांड्यांत फरक केस जाईल एवढाच. आटे मात्र जुळत नाहीत. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर बोल्ट मेट्रिक, आणि मध्यापासून कडेकडे निघालेल्या तीन रेषा असतील तर इंची, ही खूण इथे वेळ वाचवते.

पाना ‘बसतो’ म्हणजे किती बसायला हवा? बोल्टाचं डोकं नावाच्या मापापेक्षा कधी मोठं नसतं आणि पान्याचं तोंड कधी लहान नसतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजण्याइतकी असते. फट वाढली की पाना सपाट बाजूला न टेकता कंगोऱ्यांवर टेकतो आणि सगळा जोर त्या बारीक कडांवर येतो. १३ च्या डोक्यावर १३ चा चांगला पाना अगदी थोडाच मोकळा फिरतो. पाव इंची व्हिटवर्थचं डोकं १३.३४ असतं. त्यावर १३ चढत नाही, म्हणून लोक १४ लावतात, आणि तो दोन्ही बाजूंना सहा-सहा अंश डुलतो. १७० मिलिमीटर लांबीच्या पान्याचं टोक त्यात साडेतीन सेंटिमीटर हलतं. ही खूण डोळ्यांनीच दिसते. टोक अर्धा सेंटिमीटर हललं तर चालेल, एवढं हललं तर जोर लावू नये. या नटाला जवळचा इंची पानाही नाही, कारण अर्धा इंच लहान पडतो आणि ९/१६ सैल होतो. त्याला व्हिटवर्थचाच पाना हवा.

उसनवारी चालते तीही ठरावीक जागी. ५/८ च्या डोक्याला १६ चा, १५/१६ ला २४ चा, पाऊण इंचाला १९ चा पाना निर्धास्त लावावा. अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ चा हलक्या कामापुरता चालेल, गंजलेल्या नटाला नाही. उलट, १३ चा नट कंगोरे जाऊन गोल झाला असेल, तर अर्ध्या इंचाचा सहा कोनी बॉक्स पाना हातोडीने ठोकून बसवला की तो धरतो. बारा कोनी रिंग तिथे वापरू नये, तिचे दात उरलेले कंगोरेही खातात. स्क्रू पाना गंजलेल्या नटाला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा सरकता जबडा जोर आला की मागे हटतो आणि नट पहिल्याच झटक्यात गोल होतो.

मिश्र बोल्टांचं यंत्र तुमच्याकडे असेल, तर एक काम पुढच्या साफसफाईतच करून टाका. प्रत्येक बोल्टाशेजारी ऑइल पेंटने दांड्याचं माप आणि आट्याचं घराणं लिहा, आणि बदलायचाच असेल तर नट आणि बोल्ट दोन्ही एकाच मापाचे बदला. आणि आजोबांच्या पेटीत डब्ल्यू कोरलेले पाने असतील तर ते किलोच्या भावाने भंगारात घालू नका. विहिरीवरचं इंजिन चालू आहे तोवर त्यांच्या जागी दुसरं काही बसत नाही.