भेट देण्याआधी टेबल मोजा

मैत्रिणीला नवी नोकरी लागली की भेटवस्तूंच्या दुकानात हात आपोआप ठरलेल्या गोष्टींकडे जातो: नाव कोरलेली लाकडी पाटी, पेनस्टँड, फोटो फ्रेम, एखादा छानसा मग, छोटी कुंडी. या सगळ्या भेटींमागे एक गृहीत असतं, की नव्या ऑफिसात तिचं स्वतःचं टेबल असेल आणि ते तिला हवं तसं मांडता येईल. अनेक नव्या क्षेत्रांत नेमकं हेच गृहीत चुकतं.

उदाहरण म्हणून मेडिकल कोडिंग हे क्षेत्र घेऊ. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी वाचून त्यातल्या प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा, त्यावरून विम्याचं बिल तयार होतं, असं हे काम. नवी मुंबईत ऐरोलीला आणि पुण्यात अशी कामं करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना जीवशास्त्र, नर्सिंग, फार्मसी शिकलेली माणसं लागतात, त्यामुळे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईही तिकडे वळतात. समजा, अशीच एक मैत्रीण आहे. तिला वैशाली म्हणू. वय ४२, उंची ५ फूट, अनेक वर्षं खडू-फळ्यासमोर उभं राहून शिकवलेलं. आता आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि उरलेले घरून, दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं आहे.

ऑफिसातला तिचा मजला कसा असेल ते आधी पाहू. रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९६ सालचा हिपा कायदा आहे आणि त्याच्या अटी कराराद्वारे इथल्या कंपन्यांपर्यंत पोचतात. म्हणून अशा अनेक मजल्यांवर मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. काही ठिकाणी कागद-पेनही आत नेता येत नाही, टिपणं काढायला पुसता येणारी छोटी पाटी मिळते. पेनड्राइव्ह चालत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी जागा ठरलेली नसते, आज इथे तर उद्या पलीकडच्या रांगेत. म्हणजे भारी डायरी, पेनचा संच, स्मार्ट घड्याळ आणि फोटो फ्रेम, चौघांचाही मुक्काम लॉकरमध्ये. मन लावून आणलेली वस्तू अशी अंधारात पडून राहते याचं वाईट वाटतं, आणि ते टाळणं अगदी सोपं असतं. आत काय नेता येतं, जागा ठरलेली आहे का आणि घरून किती दिवस काम आहे, एवढे तीन प्रश्न आधी विचारले की बरंच काही स्पष्ट होतं.

आत जाऊ शकतील अशा वस्तू थोड्याच, पण रोज लागणाऱ्या. एसीचा झोत कुठल्या खुर्चीवर येईल हे जागा बदलत राहिली तर सांगता येत नाही, म्हणून घडी करून पिशवीत बसणारी सुती किंवा पातळ लोकरीची शाल. पाण्याची बाटली, पण घट्ट झाकणाची, कारण कळफलकाशेजारी उघडा ग्लास किंवा मग अनेक ठिकाणी चालत नाही.

कुंडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. ‘हवा शुद्ध करते’ असं सांगून मनी प्लांट आणि स्नेक प्लांट विकले जातात. त्या समजाचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे, पण तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये केलेला होता. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र फेरतपासणी झाली. इमारतीत वारा खेळल्याने हवा जितकी स्वच्छ होते, तितकी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. झाड आवडतं म्हणून द्यावं, घरच्या खिडकीत ठेवायला द्यावं. औषध म्हणून देऊ नये.

खरी भेट द्यायची जागा म्हणजे तिचं घरचं टेबल. तिथे कुणाचे नियम नाहीत आणि तिथेच सगळ्यात जास्त उणिवा असतात. जेवणाच्या किंवा लिहिण्याच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. ५ फूट उंचीच्या बाईला हे टेबल टाइप करायला उंच पडतं. बसल्यावर तिचं कोपर बैठकीपासून साधारण २२ सेंटिमीटरवर येतं. खुर्ची ४५ सेंटिमीटरची असेल तर कोपर ६७ वर आणि कळफलक जवळजवळ ७७ वर. या १० सेंटिमीटरच्या फरकामुळे टाइप करताना खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतची शीर दुखू लागते.

उपाय म्हणून खुर्ची उंच केली किंवा खाली घट्ट गादी घातली, की दुसरी अडचण उभी राहते. गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून जमिनीपर्यंत तिच्या पायाची लांबी चपलेसह ४० सेंटिमीटरच्या आसपास. बैठक ५० वर गेली की पाय लोंबकळतात. खुर्चीची कड मांडीला खालून दाबते, पावलांना मुंग्या येतात. मग माणूस नकळत पुढे सरकून कडेवर बसतो आणि पाठीचा आधार सुटतो. म्हणून वैशालीसाठी सगळ्यात उपयोगी भेट म्हणजे पायाखालचा पाट. दिसायला अगदी साधा, पण त्याच्यावाचून खुर्ची उंच करण्यात अर्थ नाही.

हा पाट सुताराकडून करून घेता येतो. रुंदी ४५ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही पावलं मोकळी मावतात आणि हलवताही येतात. खोली ३५. खुर्चीकडची बाजू ८ आणि पलीकडची १२ सेंटिमीटर उंच, म्हणजे पावलांना हलका चढ मिळतो. खाली चार रबरी बूच ठोकायचे, नाहीतर गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो. पाट जमला की नाही हे कसं ओळखायचं? त्यावर पाय ठेवून बसल्यावर मांडी आणि खुर्चीची कड यांच्यामध्ये बोटं सहज सरकली पाहिजेत. ती अडकली तर पाट बुटका आहे. गुडघे कमरेपेक्षा बरेच वर आले तर तो जास्त उंच झालाय. ऑफिसात रोज पाट नेणं शक्य नाही, पण तिथे ऍडमिनकडे मागितला तर अनेक कंपन्या असा फूटरेस्ट देतात. नव्या माणसाला हे माहीत नसतं, त्यामुळे पाटाबरोबर ही माहितीही द्यावी.

आता स्क्रीन. ५० सेंटिमीटरच्या बैठकीवर बसल्यावर वैशालीचे डोळे टेबलापासून साधारण ४४ सेंटिमीटर वर येतात, आणि टेबलावरच्या लॅपटॉपची वरची कड जेमतेम २२ वर. म्हणून मान दिवसभर खाली झुकलेली राहते. लॅपटॉप स्टँड लागतो तो यासाठी. बाजारात मिळणारे चपटे, दुमडणारे स्टँड काही सेंटिमीटरच उचलतात, ते इथे पुरत नाहीत. वरची कड डोळ्यांच्या पातळीपर्यंत किंवा किंचित खाली आणायची तर २० सेंटिमीटरच्या आसपास उचल लागते.

पण वैशालीचं वय ४२ आहे, आणि चाळिशीत अनेकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा लागतो. त्यात जवळचं पाहायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणली की वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, आणि मान पुढे झुकण्याऐवजी मागे दुमडते. अशा डोळ्यांसाठी स्क्रीन आणखी खाली हवी, १२ ते १५ सेंटिमीटरची उचल पुरे. म्हणून आधी स्टँड विकत आणू नये. जुन्या पुस्तकांची चळत लॅपटॉपखाली ठेवून तिला तासभर काम करू द्यावं आणि कुणीतरी बाजूने एक फोटो काढावा. फोटोत हनुवटी ना वर, ना छातीकडे, अशी दिसली की चळत पट्टीने मोजायची. तो आकडा म्हणजे स्टँडची उंची. उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड असेल तर उत्तम.

स्टँड दिला की वेगळा कळफलक आणि माउस द्यावाच लागतो, नाहीतर हात हवेत टांगून टाइप करावं लागेल. इथे साधा वायरवाला संच घ्यावा. कंपनीच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ बंद केलेलं असू शकतं. आणि कामच आकड्यांचं असल्यामुळे उजवीकडे अंकांचा वेगळा गट असलेला पूर्ण आकाराचा कळफलक सोयीचा. बाहेरचं उपकरण जोडायची परवानगी मात्र तिने आयटी विभागाला विचारून घ्यायला हवी, तेवढ्यासाठी बिल जपून ठेवावं.

निळा प्रकाश अडवणारे चष्मे सध्या भेट म्हणून बरेच दिले जातात. २०२३ साली कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. डोळे थकतात ते बऱ्याचदा नंबर बरोबर नसल्यामुळे आणि स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटल्यामुळे. ते पैसे डोळे तपासून घेण्यावर खर्च केले तर चांगलं. तपासणीला जाताना डोळे आणि स्क्रीन यांच्यातलं अंतर टेपने मोजून न्यावं. ते बहुधा ५० ते ७० सेंटिमीटर भरतं, तर वाचनाचा नंबर ४० सेंटिमीटरच्या आसपासचं अंतर धरून काढलेला असतो.

शेवटची वस्तू सगळ्यात स्वस्त आहे. पूर्वी घराघरांत टेलिफोनशेजारी असायची ती इंग्रजी अक्षरांच्या पायऱ्या कापलेली नंबरांची डायरी अजूनही स्टेशनरीच्या दुकानात सापडते, पुण्यात अप्पा बळवंत चौकात शोधावी. क्षेत्र बदललेल्या माणसाची खरी पंचाईत संक्षेपांमुळे होते. HTN म्हणजे उच्च रक्तदाब, त्याचा क्रमांक I10. SOB म्हणजे धाप लागणं. c/o म्हणजे रुग्णाची आत्ताची तक्रार, आणि h/o म्हणजे पूर्वी होऊन गेलेलं. शेवटच्या दोघांत गल्लत झाली तर बरा झालेला आजार चालू म्हणून नोंदला जातो. R/O म्हणजे डॉक्टरांना नुसता संशय आहे. बाह्यरुग्णाच्या नोंदीत अशा संशयाला निदानाचा क्रमांक द्यायचा नसतो, लक्षणांनाच द्यायचा असतो. अशा गोष्टी एका ओळीत, आपल्या अक्षरात, आपल्या जागी लिहिलेल्या असल्या की शोधायला वेळ लागत नाही.

डायरी घरच्या अभ्यासासाठी, मजल्यावर न्यायची नाही. तिच्यात फक्त संक्षेप, त्यांचे अर्थ आणि नियम लिहायचे. कुठल्याही रुग्णाचं नाव, तारीख किंवा केस लिहायची नाही, कारण तशी एक नोंदसुद्धा नोकरीवर बेतू शकते. देणाऱ्याने पहिल्या पानावर वैशालीची मापं लिहून द्यावीत: बैठक ५०, पाट ८ ते १२, स्क्रीनची उचल १४. पुढे खुर्ची किंवा टेबल बदललं, तर टेप घेऊन याच आकड्यांपासून सुरुवात करता येईल.