प्रश्नाच्या पोटातला प्रश्न

इंग्रजीच्या सरावपुस्तकात वाक्य असते, ‘व्हेअर इज द स्टेशन?’ खाली सूचना असते: ‘कुड यू टेल मी’ने सुरुवात करून वाक्य पुन्हा लिहा. विद्यार्थी मूळ प्रश्न जसाच्या तसा उचलतो आणि पुढे जोडतो, ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ हे उत्तर चूक धरले जाते. बरोबर वाक्य आहे, ‘कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’

मराठी मुलाकडून ही चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. मराठीत ‘स्टेशन कुठे आहे?’ हा प्रश्न नम्र करायचा, तर ‘स्टेशन कुठे आहे, ते सांगाल का?’ असे म्हणतात. आतल्या प्रश्नातला एकही शब्द जागा सोडत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न विचारण्यासाठी ‘इज’ कर्त्याच्या आधी येते आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा कर्त्याच्या मागे जाते. विचारण्याचे काम आता ‘कुड यू’ने उचललेले असते, त्यामुळे आतला भाग साध्या विधानासारखा लावला जातो. बोलताना शब्द जागेवरच ठेवण्याची सवय भारतीय इंग्रजीत आढळते आणि आयर्लंडच्या इंग्रजीतही ती आहे. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण परीक्षेत प्रमाण लेखी रूपच अपेक्षित असते.

‘इज’ची नुसती जागा बदलते. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ असले की काम वाढते. ‘व्हेन डिड द ट्रेन लीव्ह?’ या प्रश्नात भूतकाळ ‘डिड’ने पेलला आहे, म्हणून ‘लीव्ह’ मूळ रूपात राहते. नम्र वाक्यात ‘डिड’ गळते आणि काळाची जबाबदारी मुख्य क्रियापदावर येते, ‘कुड यू टेल मी व्हेन द ट्रेन लेफ्ट?’ तसेच ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’चे होते ‘व्हेअर ही लिव्ह्ज’.

केंब्रिजच्या ‘बी२ फर्स्ट’ परीक्षेत पुनर्लेखनाचे असे सहा प्रश्न असतात. प्रत्येकात एक शब्द दिलेला असतो. तो न बदलता, त्याच्यासह दोन ते पाच शब्दांत रिकामी जागा भरायची. त्याच धर्तीचा एक नमुना घेऊ. मूळ वाक्य, ‘व्हेन डझ द लायब्ररी क्लोज टुडे?’ दिलेला शब्द, ‘क्लोजेस’. दुसऱ्या वाक्याची सुरुवात ‘कुड यू टेल मी’, मग रिकामी जागा आणि शेवटी ‘टुडे’. घाईत लिहिलेले उत्तर असते, ‘व्हेन डझ द लायब्ररी क्लोजेस’. मोजले तर बरोबर पाच शब्द भरतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही. पण ‘डझ’ आणि ‘क्लोजेस’ या दोघांनी एकाच काळाची खूण केली आहे. ‘डझ’ काढले की उरते ‘व्हेन द लायब्ररी क्लोजेस’. शब्द चार, उत्तर अचूक.

याच्या उलट, काही वेळा काहीच बदलायचे नसते. ‘हू रोट धिस लेटर?’ यात ‘हू’ हाच कर्ता आहे आणि तो आधीपासूनच क्रियापदाच्या पुढे आहे. म्हणून ‘कुड यू टेल मी हू रोट धिस लेटर?’ हे बरोबर. नियम पाठ केलेली मुले इथे उगाच शब्द हलवतात. प्रश्नशब्द कर्ता आहे का, हे आधी पाहिले तर तो घोळ टळतो.

प्रश्नशब्दच नसेल, म्हणजे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल, तर सांधा म्हणून ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागते. ‘इज द बँक ओपन?’चे होते ‘कुड यू टेल मी इफ द बँक इज ओपन?’ मराठी वाक्यातही अशा ठिकाणी ‘का’ येतो: बँक उघडी आहे का, ते सांगाल का?

शाळेत अप्रत्यक्ष कथन घोटून घेतलेल्या विद्यार्थ्याची आणखी एक चूक होते. ‘ही आस्क्ड मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ‘इज’चे ‘वॉज’ करायची त्याला सवय असते, म्हणून तो इथेही ‘व्हेअर द स्टेशन वॉज’ लिहितो. पण ‘आस्क्ड’ घडून गेलेली गोष्ट सांगते, तर ‘कुड यू’मधला ‘कुड’ आत्ताच्या विनंतीला मऊपणा देतो. स्टेशन आजही तिथेच असते, म्हणून ‘इज’ तसेच राहते.

शेवटचे चिन्ह बाहेरच्या वाक्यावरून ठरते. ‘कुड यू टेल मी’ हा स्वतःच प्रश्न असल्याने शेवटी प्रश्नचिन्ह येते. ‘आय वंडर व्हेअर द स्टेशन इज’ हे रचनेने विधान आहे, म्हणून तिथे पूर्णविराम द्यायचा, मग बोलणाऱ्याला उत्तर हवे असले तरी.