भांडणातूनही जडणारा ‘जॉंग’

रांजणगाव परिसरातल्या एका कोरियन कारखान्यात टीम लीडचा निरोप समारंभ होता. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते हातात घेऊन हे मराठी गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि त्यांचं भाषण ‘जॉंग’ या एका कोरियन शब्दावर रंगलं.

जॉंग म्हणजे सहवासाने आपोआप जडणारी माया. कोरियन माणूस ‘मी जॉंग केला’ असं सहसा म्हणत नाही, ‘जॉंग आत शिरला’ म्हणतो. आपल्याकडे लळा लावून घ्यायचा म्हणून लागत नाही, तसंच. मन विटलं की तो ‘गळून पडतो’. माणसावर, गल्लीवर, जुन्या खुर्चीवरही तो जडतो.

कोरियातल्या बाजारात भाजीवाल्या आजी तोलून झाल्यावर मूठभर मोड वर टाकतात. त्या वरकडीला ‘तॉम’ म्हणतात, आणि तो जॉंगच मानला जातो. १९७४ साली बाजारात आलेल्या ओरियन कंपनीच्या चोको पायची जाहिरात १९८९पासून याच शब्दावर उभी राहिली, पाकिटावर जॉंगचं चिनी अक्षर आलं.

भाषणाचा गाभा मात्र पुढे होता. कोरियन लोक ‘कोउन जॉंग’ आणि ‘मिउन जॉंग’ असे दोन जॉंग जोडीने सांगतात. पहिला गोडीगुलाबीचा, दुसरा रागालोभाचा. समोर बसलेल्या क्वालिटीच्या एका ताईंकडे वळून ते म्हणाले, “दुसऱ्या पाळीत दाराच्या पत्र्यावर ओरखडे दिसले म्हणून ताईंनी माझा अख्खा लॉट अडवला होता. मी आवाज चढवला, त्या हटल्या नाहीत. मग रात्री दोघांनी मिळून एकेक नग तपासला आणि पहाटे कॅन्टीनमध्ये पोहे खाल्ले. हा आमचा मिउन जॉंग. घड्याळासाठी पहिली वर्गणी त्यांनीच दिली, हे मला आज कळलं.”

मला या भाषणातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. जॉंगची दुसरी बाजूही त्यांनी झाकली नाही. जॉंगपोटी नाही म्हणणं जड जातं, न पटणारी नोकरी किंवा नातं सुटत नाही. लीडच्या हातात पाळ्यांचं वेळापत्रक असतं, वार्षिक मूल्यमापन असतं. तिथे जॉंग शिरला की जवळच्या माणसाला सोयीची पाळी मिळते आणि नव्या पोराच्या वाट्याला रात्रपाळी येते. म्हणून रजा आणि पाळ्यांची नोंद त्यांनी सर्वांना दिसेल अशी फळ्यावर लावली होती. ती तशीच राहू द्या, असं त्यांनी बजावलं.

एकत्र राबणाऱ्यांना कोरियन भाषेत ‘एकाच हंड्यातला भात खाणारे’ म्हणतात. तो धागा पकडून ते शेवटी म्हणाले, “सोमवारी नवे लीड येतील. सुरुवातीला त्यांचा राग येईल, खटके उडतील. उडू द्या. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांना एकटं बसवू नका.”