वारसाचा फेरफार

मृत्युपत्र न करता हिंदू खातेदार निवर्तला, की त्याने स्वकष्टाने घेतलेल्या जमिनीवरील वारसांचा हक्क त्याच क्षणी कायद्याने उत्पन्न होतो. त्यासाठी तलाठ्याच्या दप्तराची वाट पाहावी लागत नाही. असे असूनही गावोगाव वारस मंडळी ‘फेरफार झाला, आता जमीन आमची’ असे समाधानाने म्हणतात, आणि पुढच्या बहुतेक भाऊबंदकीचे मूळ या समाधानात असते. फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची सरकारदरबारी घेतलेली नोंद. तिच्या आधाराने सातबाऱ्यावर मयताचे नाव कमी होऊन वारसांची नावे चढतात आणि शेतसारा कोणाकडून वसूल करावा हे सरकारास कळते, परंतु मालकी देण्याचे वा काढून घेण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 149 प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधीयांस नोटीस देतो, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी तपासाअंती ती प्रमाणित करतो. हरकत आलीच, तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाऊन सुनावणीवर पडते.

समजा, दोन हेक्टरांचा एक खातेदार वारला; मागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे आणि सासरी नांदणारी मुलगी. हे पाचही प्रथम वर्गाचे वारस असल्यामुळे प्रत्येकाचा हिस्सा चाळीस आर होतो. मुलगे मात्र प्रतिज्ञापत्रात आपली व आईची अशी तीनच नावे लिहून देतात. आजी वारस आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही (आपल्याकडे ही चूक सर्रास होते), आणि मुलीचे नाव मूळ दप्तरातच नसल्याने तिच्या नावाची नोटीस निघत नाही. चावडीवरचा कागद दूरच्या गावी तिला कोण वाचून दाखविणार?

अशी नोंद प्रमाणित झाली, तरी त्या दोघींचा हिस्सा बुडत नाही. कलम 157 अन्वये हक्कनोंदीतील नोंद खरी मानली जाते खरी, पण विरुद्ध शाबित होईपर्यंतच. अडचण निराळीच असते: सातबारा पाहून एखादा खरेदीदार भावांशी व्यवहार करून बसला, की मुलीला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. बहिणीने राजीखुशीने हिस्सा सोडावयाचा असेल, तर त्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्रच हवे. तलाठ्यापुढील साधा जबाब त्यास पुरत नाही.

तेव्हा, फेरफाराचा उतारा हाती येताच वारसांच्या रकान्यातील एकूण एक नाव वाचून पाहावे, आणि एखादे गळाले असेल, तर आदेश कळल्यापासून साठ दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे.