अधिक मास नेमका शिरतो कुठे?

2022 साली आषाढी एकादशी 10 जुलैला झाली आणि नागपंचमी 2 ऑगस्टला आली. वारकरी पंढरपूरहून घरी परतून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढच्या वर्षी आषाढी 29 जूनलाच आटोपली, आणि नागपंचमीसाठी मात्र 21 ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. 23 दिवसांचे अंतर 53 झाले, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन बसला होता.

अधिक महिन्यामुळे ‘सगळे सण पुढे जातात’ असे आपण सरसकट म्हणतो, पण तसे होत नाही. 2023ची आषाढी आदल्या वर्षीपेक्षा 11 दिवस आधीच आली होती. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते आणि सौर वर्ष 365 दिवसांचे, म्हणून तिथीवर चालणारा सण इंग्रजी तारखेत दरवर्षी साधारण 11 दिवस मागे सरकतो. ही तूट साठत साठत सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी महिन्याएवढी होते. ती भरून निघते अधिक मासाने. त्या वर्षी अधिकाच्या आधीचे सण नेहमीसारखे मागे आलेले असतात, नंतरचे एकदम 18-19 दिवस पुढे उडी मारतात. गणेश चतुर्थी 2022ला 31 ऑगस्टला होती, ती 2023ला 19 सप्टेंबरवर गेली आणि पुढच्या दोन वर्षांत 7 सप्टेंबर, 27 ऑगस्ट अशी पुन्हा उतरत आली.

मग हा महिना नेमका कुठे घालायचा, हे ठरवते कोण? सूर्यच ठरवतो. आपला महिना अमावास्येला संपतो आणि एरवी प्रत्येक महिन्यात सूर्य एकदा रास बदलतो. ज्या महिन्यात ही संक्रांत होतच नाही, तो अधिक. त्याला नाव मिळते पुढच्या महिन्याचे. 2023मध्ये सूर्य कर्क राशीत गेला 17 जुलैच्या पहाटे. त्याच मध्यरात्री आषाढ अमावास्या संपली. पुढची अमावास्या 16 ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास संपली, तोवर सूर्य कर्केतच होता; सिंहेत गेला तो 17 तारखेच्या दुपारी. जेमतेम एका दिवसाने संक्रांत हुकली आणि अख्खा महिना ‘अधिक’ ठरला. या दिवसांत पृथ्वी सूर्यापासून लांब असल्याने सूर्य राशीतून रेंगाळत जातो, कर्केत 31 दिवसांहून जास्त राहतो. साडेएकोणतीस दिवसांचा चांद्र महिना त्यात सहज मावतो. म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन यांतच पडतात. थंडीत सूर्य झपाट्याने रास ओलांडतो, तिथे ही सोय नसते.

महाराष्ट्रात अधिक महिना दोन महिन्यांच्या सांध्यात बसतो. त्यामुळे अंतर वाढते ते सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सणांमधले. एकाच महिन्यातल्या सणांना तो शिवतही नाही. गणेश चतुर्थी ते अनंत चतुर्दशी किंवा दसरा ते लक्ष्मीपूजन ही अंतरे अधिकामुळे कधीच ताणली जाणार नाहीत. उलट दीप अमावास्या आणि श्रावण एरवी एकमेकांना चिकटलेले. 2023ला अमावास्या 17 जुलैला झाली आणि निज श्रावण उजाडला 17 ऑगस्टला. गटारी साजरी करून दुसऱ्या दिवसापासून सामिष सोडणाऱ्यांपैकी ज्यांचा नेम फक्त निजापुरता, त्यांना महिनाभराची सूट मिळाली! चातुर्मास मात्र पाच महिन्यांचा झाला: 29 जून ते 23 नोव्हेंबर.

उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, पण अधिक महिना तिथेही अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात. म्हणजे तो सांध्यात न बसता महिन्याच्या पोटात शिरतो. त्या वर्षी तिकडचा सावन 4 जुलैला सुरू झाला, अर्ध्यावर अधिक आला, आणि उरलेला अर्धा 31 ऑगस्टला संपला. तिकडे आठ सोमवार, आपल्याकडे निज श्रावणात चार. नागपंचमी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी.

2020ला अधिक आश्विन होता. सर्वपित्री अमावास्या 17 सप्टेंबरला झाली आणि एरवी दुसऱ्याच दिवशी होणारी घटस्थापना 17 ऑक्टोबरला. गणपती ते लक्ष्मीपूजन हे अंतर 84 दिवसांचे झाले. 2023ला ते 54 दिवसांचेच होते, कारण तेव्हाचा अधिक गणपतीच्या आधीच होऊन गेला होता. 2026चा अधिक ज्येष्ठाचा, 17 मे ते 15 जून. म्हणजे यंदा ताणले जाते ते अक्षय्य तृतीया आणि वटपौर्णिमा यांमधले अंतर: 19 एप्रिल ते 29 जून, 71 दिवस. आदल्या वर्षी ते 41 होते. गणपती ते दिवाळी मात्र याही वर्षी 55 दिवसच.