पिशवी साफ केल्यावर पाळी कमी झाली? ती अशक्तपणाची गोष्ट नाही

तायांनो, मागच्या महिन्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गटाची बैठक संपली. कर्जाचे हप्ते मोजून झाले, सह्या झाल्या, बाया उठल्या. एक ताई मात्र मागे थांबली. वय सव्वीस, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पाळी तं येते, पन कपड्याले नुसता डाग लागते. पयले पाच दिवस जायची. असं कशानं होत असन?"

मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "पिशवी साफ केली तवापासून."

तिच्या या एका वाक्यात तिच्या आजाराचं उत्तर होतं. पण तीन वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख. ताईचं नाव मी लिहीत नाही, पण तिची गोष्ट तिला विचारूनच सांगते आहे.

तीन वर्षांपूर्वी तिचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. पूर्ण पडला नाही, रक्त जातच राहिलं. दवाखान्यात नेलं, तिथे क्युरेटिंग केलं. दहा-बारा दिवसांनी ताप आला, पोट दुखायला लागलं, अंगावरून घाण वास येणारं पाणी जाऊ लागलं. आत काही राहिलं म्हणून पुन्हा पिशवी साफ केली. ताप उतरला, ती घरी आली, कापूस वेचायला जाऊ लागली. त्यानंतरची पहिली पाळी दोन महिन्यांनी आली आणि एका दिवसात संपली. सासू म्हणाली, "रगत कमी झालं हाये." मग लोहाच्या गोळ्या, टॉनिक, काढे. पुढे मूल राहावं म्हणून गोळ्या आणि इंजेक्शनं. थायरॉईड तपासलं, हार्मोन तपासले, सगळं बरोबर निघालं. गटातून घेतलेल्या कर्जातले बरेच पैसे यातच गेले. घरात दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली ती वेगळीच.

आता आत काय झालं असतं ते समजून घेऊ.

आपल्या गर्भपिशवीला आतून एक मऊ अस्तर असतं. घराच्या भुईला सारवण असतं ना, तसं. दर महिन्याला वरचं सारवण निघून जातं, तीच आपली पाळी. खाली भुई शाबूत असते म्हणून पुन्हा नवं सारवण बसतं. क्युरेटिंगमध्ये लांब दांड्याच्या, टोकाला कडी असलेल्या अवजाराने पिशवी आतून खरवडतात. हात जड पडला, किंवा एकदा खरवडलेल्या जागी पुन्हा खरवडलं, तर नुसतं सारवण नाही, खालची भुईसुद्धा उखडली जाते. मग तिथे नवं अस्तर उगवत नाही, तिथे वण तयार होतो.

हा वण एकाच जागी थांबत नाही. हात भाजला की डॉक्टर दोन बोटांच्या मधे पट्टी घालून ती वेगवेगळी बांधतात, कारण तशीच ठेवली तर कच्ची कातडी एकमेकीला चिकटून भरते. गर्भपिशवी काही फुगलेल्या फुग्यासारखी नसते. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन्हीकडे जखम असली तर भिंती चिकटतात, मधे वणाचे धागे नाहीतर पडदे तयार होतात. डॉक्टर याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. जोसेफ ॲशरमन या डॉक्टरांनी 1948 मध्ये याच्यावर सविस्तर लिहिलं, त्यांचंच हे नाव.

घाबरून जाऊ नका, क्युरेटिंग झालेल्या प्रत्येकीला हे होत नाही. गर्भ पडल्यावर दुर्बिणीने तपासलेल्या बायांच्या अभ्यासांमध्ये साधारण पाचातल्या एकीला चिकटलेपण दिसलं, आणि त्यातही बहुतेकींचं हलकं होतं. धोका वाढतो तो पुन्हा पुन्हा क्युरेटिंग झालं तर, आणि बाळंतपणानंतर दोन-चार आठवड्यांनी आत राहिलेला वारेचा तुकडा खरवडून काढला तर, कारण तेव्हा पिशवी फार नाजूक असते. आपल्या ताईचं तर दोनदा झालं होतं.

मग हे ओळखायचं कसं? पाळी पूर्वीपेक्षा खूप कमी होते, पाच दिवसांची एका दिवसावर येते, किंवा बंदच होते. काही जणींना रक्त जात नाही, पण दर महिन्याला त्याच सुमारास ओटीपोटात कळा येतात. त्यांच्या पिशवीचं तोंड चिकटलेलं असतं. आत रक्त तयार होतं, बाहेर यायला वाट मिळत नाही. अशी कळ "वात" म्हणून अंगावर काढू नका. तिसरी खूण म्हणजे दिवस न राहणं, किंवा राहून पुन्हा पुन्हा पडणं. गर्भाला रुजायला अस्तर लागतं आणि वणावर तो रुजत नाही. आणि कधी कधी पाळी नीट येत असूनही आत थोडं चिकटलेलं असतं, हेही माहीत असू द्या.

ताईचे रक्ताचे रिपोर्ट बरोबर का आले, तेही यातूनच कळतं. बीजकोश त्यांचं काम करत असतात, हार्मोन बनत असतात. बी चांगलं आहे, पाऊस आहे, फक्त जमिनीचा वरचा थर गेला आहे. अशा वेळी बीज वाढवायच्या इंजेक्शनांनी काय होणार?

क्युरेटिंगनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत पाळी यायला पाहिजे. नाही आली तर आधी लघवीची तपासणी करून पुन्हा दिवस गेले नाहीत ना ते बघायचं. ती तपासणी आशाताईकडे होते. दिवस नसतील आणि आठ आठवडे होऊनही पाळी नसेल, किंवा सलग दोन-तीन पाळ्या फारच कमी गेल्या असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. अंगावर दूध पाजत असाल तर पाळी उशिरा येऊ शकते, तेही डॉक्टरांना सांगा. आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हे बोला: "माझी पिशवी अमुक महिन्यात साफ केली होती, इतक्या वेळा, आणि तेव्हापासून पाळी कमी आहे."

डॉक्टर कधी काही दिवस हार्मोनच्या गोळ्या देऊन बघतात. गोळ्या थांबवल्यावरही पाळी आली नाही तर दोष अस्तरात असावा असा अंदाज येतो. साध्या सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसू शकतं, पण चिकटलेपण पुष्कळदा निसटतं. पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात जिथे चिकटलं आहे तिथे औषध पोचत नाही. पक्कं निदान मात्र दुर्बिणीनेच होतं. तिला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. खालच्या वाटेने बारीक दुर्बीण आत घालून बघतात. पोटावर टाका नाही, चिरा नाही.

आणि एक गोष्ट. आपल्या देशात गर्भपिशवीचा टीबी हेसुद्धा अस्तर चिकटायचं मोठं कारण आहे. खोकला नसतानाही तो असू शकतो. तुम्हाला किंवा घरात कोणाला टीबी झाला असेल तर ते सांगा. डॉक्टर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. टीबी निघाला तर आधी त्याचं औषध पूर्ण करावं लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

उपचारही दुर्बिणीनेच होतो. आत बघत बघत बारीक कात्रीने वणाचे धागे कापतात. पुन्हा आंधळेपणाने खरवडायचं नसतं, त्याने नवी जखम होते. कापल्यावर भिंती परत चिकटू नयेत म्हणून काही दिवस आत छोटा फुगा नाहीतर तांबी ठेवतात, बोटांच्या मधल्या पट्टीसारखी. अस्तर उगवावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या देतात. एक-दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात, कारण वण परत धरू शकतो. ही दुसरी तपासणी पैशापायी टाळू नका.

आपल्या ताईला आम्ही आधी यवतमाळला दाखवलं, मग नागपूरला नेलं. दुर्बिणीत अर्धी पिशवी चिकटलेली निघाली. ती मोकळी केली. आता तिची पाळी तीन दिवस जाते. मूल अजून राहिलेलं नाही, आणि राहीलच असं डॉक्टरांनीही कबूल केलेलं नाही. चिकटलेपण हलकं असेल तर पुष्कळ जणींना दिवस राहतात. फार असेल तर पाळी आली तरी मूल होणं कठीण जातं. ज्यांना राहतात त्यांनी पहिल्या महिन्यापासून डॉक्टरांना हा आजार सांगावा आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करावं, कारण वार पिशवीला घट्ट चिकटून जास्त रक्त जायचा धोका असतो.

पण ताईच्या घरी एक फरक पडला. नवऱ्यासमोर डॉक्टरांनी सांगितलं की हा जखमेचा वण आहे, बाईचा दोष नाही. दुसऱ्या लग्नाची भाषा सध्या तरी थांबली आहे.

शेवटी, जिची पिशवी साफ करायची वेळ येईल तिच्यासाठी. गर्भ अर्धवट पडला तर दर वेळी खरवडणं हाच मार्ग नसतो. तब्येत ठीक असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत काही दिवस वाट बघता येते, किंवा गोळ्यांनी पिशवी मोकळी होते. साफ करायचीच असेल तर नळीने ओढून घ्यायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनाही खरवडण्याऐवजी तीच वापरायला सांगते. म्हणून विचारा, "डॉक्टर, नळीने होईल का? खरवडायलाच लागेल का?" मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून खाऊ नका, अर्धवट पडून पिशवी साफ करायची पाळी त्यातूनच येते. गर्भपात कायदेशीर आहे, तो मान्यताप्राप्त दवाखान्यात होतो.

मात्र या लेखाच्या भीतीने पिशवी साफ करायला नाही म्हणू नका. तासाला दोन पॅड भिजतील असं रक्त दोन तास जात असेल, किंवा ताप आणि घाण वास असेल, तर थांबलात तर जीव जाऊ शकतो. लगेच 108 ला फोन करा.

आणि दवाखान्याचं कार्ड फेकू नका. कोणत्या तारखेला, कशासाठी, कशाने पिशवी साफ केली ते त्यावर लिहून मागा आणि गटाच्या पासबुकासोबत पिशवीत ठेवा. ताईचं पहिलं कार्ड सापडलं असतं तर तिची तीन वर्षं वाचली असती.